पुठ्ठ्यावर "४ वेळा फुल चार्ज", हातात अडीच: पॉवर बँकच्या अनबॉक्सिंगची प्रामाणिक स्क्रिप्ट कशी बांधायची

नवा चॅनेल काढणारा बहुतेक जण स्क्रिप्ट लिहायला सुरुवात करतो ती खोक्यापासून. खोका आला, कटर फिरवला, आत काय काय निघालं, हातात कसं वाटतं, आणि शेवटी "किमतीच्या मानाने भन्नाट". अशी स्क्रिप्ट अर्ध्या तासात लिहून होते. पण वस्तू अजून वापरलेलीच नसल्यामुळे लिहिणाऱ्याकडे सांगण्यासारखं काहीच नसतं, मग ती जागा विशेषणांनी भरावी लागते. अतिशयोक्ती बहुतेक वेळा अशीच येते. लबाडी क्वचितच असते, माहितीचा तुटवडा नेहमीचा.

म्हणून क्रम उलटा करायचा: आधी प्रश्न, मग चाचणी, मग स्क्रिप्ट. खोका उघडण्याचं शूटिंग सगळ्यात आधी होतं हे खरं, पण त्यावरचं बोलणं सगळ्यात शेवटी लिहायचं. हे कसं करायचं ते एकाच वस्तूवर दाखवतो. वस्तू म्हणजे २०,००० एमएएचची पॉवर बँक. मुंबईत ती प्रत्येक दुसऱ्या बॅगेत असते, किंमत नवख्या चॅनेलला परवडते, आणि खोक्यावरचा मोठा आकडा व हातात मिळणारा आकडा यांत ठसठशीत फरक असतो. हा फरक नीट सांगता आला की व्हिडिओ आपोआप उभा राहतो. खाली येणारी पॉवर बँक कुठल्या एका कंपनीची नाही. आकडे या वर्गातल्या वस्तूला साजेसे, उदाहरणापुरते घेतले आहेत.

प्रश्न एकच निवडा

खोक्यावर दहा दावे असतात: फास्ट चार्जिंग, बारा प्रकारचं संरक्षण, दोन पोर्ट, प्रीमियम फिनिश. सगळे तपासायला गेलात तर पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ होईल आणि एकही गोष्ट धड सांगून होणार नाही. विकत घेणाऱ्याच्या मनात खरोखर असलेला एक प्रश्न शोधा. कसाऱ्याहून सीएसएमटीला रोज ये-जा करणारा माणूस "यात संरक्षणाचे किती थर आहेत" असं विचारत नाही. तो विचारतो, "माझा फोन किती वेळा चार्ज होईल?"

खोक्यावर उत्तर तयार असतं: "५,००० एमएएचचा फोन ४ वेळा." वीस हजार भागिले पाच हजार, चार. हिशेब इतका सोपा की कुणाला शंका येत नाही. आपला व्हिडिओ या चारवर उभा करायचा.

आता यातलं विज्ञान आधी स्वतःला नीट कळलं पाहिजे, नाहीतर आपण कंपनीला उगाच चोर ठरवू. पॉवर बँकमधल्या लिथियम सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट धरतात. २०,००० एमएएच हा आकडा त्या दाबावरचा. म्हणजे एकूण ऊर्जा ७४ वॅट-अवर. यूएसबीतून बाहेर पडताना हा दाब ५ व्होल्टपर्यंत चढवावा लागतो, आणि चढवणाऱ्या सर्किटमध्ये काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. त्यामुळे खोक्याच्या मागे किंवा पॉवर बँकच्याच अंगावर बारीक अक्षरांत "रेटेड कपॅसिटी १२,००० एमएएच, ५ व्होल्ट" अशी एक ओळ सापडते. बारा हजार गुणिले पाच म्हणजे ६० वॅट-अवर. चौऱ्याहत्तरातले साठ बाहेर आले, म्हणजे साधारण ८१ टक्के. या वर्गातल्या वस्तूला हे वाईट अजिबात नाही. मोठा आकडा खोटा नसतो, पण फोनला तो मिळत नाही. खरा आकडा छापलेला असतो, पण वाचला जात नाही. स्क्रिप्टचा सूर या दोन वाक्यांच्या मधे कुठेतरी असायला हवा. "कंपनीने फसवलं!" असं थंबनेल लावलंत तर तीही अतिशयोक्तीच, फक्त उलट्या बाजूची.

प्रेक्षकाला हे समजावताना व्होल्ट आणि वॅटचा तास घेऊ नका. मी असं लिहीन: "वीस हजार ही नोटांची संख्या आहे, पण एकेक नोट किती रुपयांची ते मोठ्या अक्षरात सांगितलेलं नाही. आत ३.७ ची नोट चालते, बाहेर ५ ची. नोटा बदलून घेतल्या की संख्या घटणार, आणि बदलून देणारा थोडं कमिशनही कापणार." पंधरा-वीस सेकंदांत काम होतं. पडद्यावर तेवढा वेळ मागच्या बाजूची ती बारीक ओळ मोठी करून ठेवायची.

खोका उघडताना काय शूट करायचं

खोका एकदाच पहिल्यांदा उघडतो. त्यामुळे वरून एक कॅमेरा आणि चेहऱ्यावर एक, असे दोन फोन लावा आणि कुरिअरच्या पिशवीपासून आतली शेवटची वायर बाहेर येईपर्यंत टेक तोडू नका. चुकीचा किंवा वापरलेला नग निघाला तर हीच अखंड क्लिप विक्रेत्याला दाखवता येते. यावेळी पाठ केलेलं काही बोलू नका. जे दिसतं ते पुटपुटत राहा, नंतर एडिटमध्ये त्यातलं एखादं खरं वाक्य सापडतं. खोका परत चिकटवून "अरे वा!" दुसऱ्यांदा करायला गेलात की चेहरा लगेच चुगली करतो.

पॉवर बँकच्या खोक्यात तीन गोष्टी जवळून दाखवण्यासारख्या असतात आणि बहुतेक व्हिडिओंत त्या नसतात. पहिली, वर सांगितलेली रेटेड कपॅसिटीची ओळ. दुसरी, उत्पादनाचा महिना आणि वर्ष. लिथियम सेल कपाटात पडून राहिला तरी म्हातारा होतो, त्यामुळे दीड वर्षापूर्वीचा माल आणि दोन महिन्यांपूर्वीचा माल यांत फरक असतो. तिसरी गोष्ट बीआयएसचं चिन्ह आणि त्याखालचा 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. भारतात पॉवर बँक विकायला ही नोंदणी सक्तीची आहे. बीआयएस केअर नावाच्या सरकारी अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे, चालू आहे की नाही, ते समोर येतं. क्रमांक टाकतानाचं स्क्रीन रेकॉर्डिंग घ्या. स्टेशनबाहेरच्या टेबलावरून स्वस्तात घेतलेल्या पॉवर बँकवर हा क्रमांक नसतो, किंवा टाकल्यावर भलत्याच वस्तूचा निघतो. प्रेक्षकाला ही दहा सेकंदं पुढच्या खरेदीतही उपयोगी पडतात.

एवढं दाखवलंत की अनबॉक्सिंगला सव्वा मिनिट पुरतं. मॅन्युअल उलटंपालटं करून दाखवणं, वायरीची लांबी वितीने मोजणं, खोक्याच्या आतल्या फोमचं कौतुक हे सगळं कापा. वायर आखूड असेल तर पट्टी लावा आणि "३० सेंटीमीटर" म्हणून मोकळे व्हा.

चाचणी, जिच्याभोवती सगळं फिरतं

यासाठी एक यूएसबी मीटर लागतो. लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत मिळतो, ऑनलाइनही मिळतो. पॉवर बँक आणि फोनच्या मधे तो लावला की व्होल्ट, अँपिअर आणि आतापर्यंत गेलेले वॅट-अवर दाखवतो. घेताना तुमच्या फोनचं फास्ट चार्जिंग त्यातून चालतं का ते दुकानातच लावून बघा. काही मीटर मधे आले की फोन गुपचूप साध्या चार्जिंगवर उतरतो. मग तुम्ही मोजता एक आणि प्रेक्षक घरी वापरतो दुसरंच. ओळखायची खूण सोपी आहे: मीटर लावून आणि काढून, दोन्ही वेळा फोनच्या पडद्यावर फास्ट चार्जिंगचं चिन्ह आलं पाहिजे.

मीटर आधी चार्जर आणि पॉवर बँकच्या मधे लावून पॉवर बँक पूर्ण चार्ज करा आणि दिवे शंभर टक्के दाखवायला लागल्यावरही लगेच काढू नका. मीटरवरचा करंट शून्याच्या जवळ आला की मगच काढा. मग मीटर पॉवर बँक आणि फोनच्या मधे आणा आणि त्याचा आकडा शून्य करा. फोन बंद करून, एअरप्लेन मोडवर किंवा चालू ठेवून, जसा ठेवाल तसा प्रत्येक फेरीत ठेवा आणि व्हिडिओत ते सांगा. फोन रिकामा झाला की लावा, पूर्ण भरला की काढा, वापरून रिकामा करा, परत लावा. पॉवर बँक स्वतःहून मान टाकेपर्यंत हे चालतं. दोन दिवस सहज जातात. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला आणि शेवटी मीटर व फोनची टक्केवारी एकाच फ्रेममध्ये येईल असा फोटो काढत जा. आठवणीवर विसंबलात तर एडिटच्या वेळी "५८ होते की ५६?" असा घोळ होतो.

समजा पॉवर बँक बंद पडली तेव्हा मीटरवर ५८.६ वॅट-अवर आले. खोक्यावरच्या बारीक ओळीप्रमाणे ६० यायला हवे होते. फरक सव्वादोन-अडीच टक्क्यांचा. स्वस्त मीटरची स्वतःची चूकही एवढी असू शकते, म्हणजे कंपनी शब्दाला जागली. आता फोन. ५,००० एमएएचच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-अवर मावतात, पण चार्ज होताना फोन तापतो आणि चालूही असतो, त्यामुळे एका पूर्ण चार्जला मीटरवरून २२-२३ वॅट-अवर जातात. ५८.६ ला साडेबावीसने भागलं की २.६. प्रत्यक्षातही तसंच दिसलं पाहिजे: दोनदा शंभर टक्के आणि तिसऱ्यांदा साठच्या आसपास थांबला. हिशेब आणि डोळ्यांनी पाहिलेलं जुळलं, तरच आकडा स्क्रिप्टमध्ये घ्या. जुळलं नाही तर बहुधा पॉवर बँक पूर्ण भरलेली नव्हती किंवा एखाद्या फेरीत फोन गेम खेळायला वापरला गेला.

चाचणीची मर्यादा याच भागात, आकड्याच्या लगोलग सांगायची. एकच नग तपासला, अमुक फोनवर, पंख्याखाली, नवा असताना. वर्षभराने काय होईल ते या चाचणीतून कळत नाही. असं म्हटल्याने वजन कमी होईल ही भीती नवख्यांना वाटते. उलट, कमेंटमधला जाणकार नेमकं तेच विचारायला टपलेला असतो, त्याला आधीच उत्तर मिळालेलं असतं.

आता लिहायला बसा

कागदाचे दोन रकाने पाडा. डावीकडे चित्र, उजवीकडे आवाज. आधी डावा रकाना भरा, कारण जे चित्रात दिसतंय ते बोलायचं नसतं. माणूस कॅमेऱ्यासमोर मराठीत मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द आरामात बोलतो. सात मिनिटांच्या व्हिडिओला म्हणून पावणेनऊशे शब्द बसतात, पण सातशेच्या वर जाऊ नका. मीटरचा आकडा फिरताना दोन-तीन सेकंदं गप्प राहायला जागा लागते.

सुरुवात अशी:

चित्र: खोक्यावरची "४ वेळा" ही अक्षरं. कॅमेरा हळूच मागच्या बाजूच्या बारीक ओळीवर.
आवाज: "या खोक्यावर लिहिलंय, माझा फोन चार वेळा चार्ज होईल. याच खोक्याच्या मागे, एवढ्याशा अक्षरांत, दुसरंच काहीतरी लिहिलंय. दोन दिवस मीटर लावून मोजलं. चार वेळा तर झाला नाही. पण तरीही मी ही परत करणार नाहीये, आणि त्याचं कारण वेगळं आहे."

यात तीन गोष्टी होतात. प्रश्न कळतो. निकालाची दिशा कळते, म्हणजे प्रेक्षकाला शेवटपर्यंत ताटकळत ठेवल्यासारखं होत नाही. आणि दोन गाठी सुटायच्या राहतात: मग किती वेळा, आणि ठेवणार का? खिळवून ठेवायला एवढं पुरतं. "शेवटपर्यंत नक्की बघा, शेवटी मोठं सरप्राइज आहे" असलं काही लागत नाही. यूट्यूब स्टुडिओमधल्या रिटेन्शनच्या आलेखात पहिल्या ३० सेकंदांत किती जण टिकले ते वेगळं दिसतं. तिथे मोठी घसरण असेल तर बहुतेक वेळा कारण एकच असतं, "नमस्कार मित्रांनो"पासून चॅनेलच्या नावापर्यंतचा प्रवास लांबलेला असतो.

यानंतर लगेच, खोका उघडायच्या आधी, वस्तू कुठून आली ते. स्वतः घेतली असेल तर एका वाक्यात: "ही मी दुकानातून पैसे देऊन घेतली आहे, कंपनीला या व्हिडिओबद्दल माहीत नाही." कंपनीने पाठवली असेल तर तेही तितक्याच साधेपणाने. हे सौजन्याचं काम नाही, कायद्याचं आहे. ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत पैशांबरोबरच फुकट वस्तू, सवलत, सहल, वस्तूच्या बदल्यात प्रसिद्धी हे सगळं 'संबंध' म्हणून धरलं आहे. व्हिडिओ असेल तर हे खालच्या डिस्क्रिप्शनमध्ये लपवून चालत नाही, व्हिडिओतच, बोलून आणि लिहून, दोन्ही प्रकारे यावं लागतं, आणि व्हिडिओच्याच भाषेत. मराठी व्हिडिओत कोपऱ्यात बारीक इंग्रजी पट्टी देऊन सुटका नाही. जाहिरात परिषदेच्या, म्हणजे अ‍ॅस्कीच्या, २०२१ च्या नियमांप्रमाणे दोन मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत ज्या भागात वस्तूबद्दल बोलणं चालू आहे त्या पूर्ण भागात लेबल दिसत राहावं लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यात दंड १० लाखांपर्यंत आहे, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत. अपलोड करताना पेड प्रमोशनची खूणही करा. अफिलिएट लिंक दिली असेल तर "या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं" हे लिंकच्या शेजारीच.

कंपनीकडून आलेल्या वस्तूबरोबर सहसा एक यादीही येते. "सर, फक्त हे चार पॉइंट्स कव्हर करा ना, बाकी तुमची स्टाइल." यादी ठेवून घ्या, ती तुमच्या तपासण्याच्या दाव्यांची यादी म्हणून कामाला येते. पण स्क्रिप्ट मंजुरीला पाठवू नका. वजन, पोर्ट, वॉरंटी यांत तथ्याची चूक राहू नये म्हणून तेवढी ओळ पाठवून विचारता येतं, मत पाठवायचं नाही. हे व्यवहार ठरतानाच, मेलवर लिहून ठेवा. फोनवर ठरलेलं नंतर कुणालाच आठवत नाही.

विशेषणं काढा, त्यांच्या जागी दृश्य ठेवा

पहिला खर्डा झाला की लाल पेन घ्या आणि जबरदस्त, भन्नाट, प्रीमियम, कडक, एक नंबर, नादखुळा या सगळ्यांभोवती गोल करा. प्रत्येक गोलाला विचारा: मला असं का वाटलं? जे उत्तर येईल ते लिहा आणि विशेषण खोडा.

"बिल्ड क्वालिटी जबरदस्त आहे" याच्या मागे खरं काय होतं? कदाचित हातात जड लागली, एवढंच. मग स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. समजा ३९० ग्रॅम भरली. आता लिहा: "३९० ग्रॅम. बॅगेत कळत नाही. पँटच्या खिशात टाकून ट्रेनमध्ये चढलात तर खिसा लोंबतो आणि मागचा माणूस दोनदा 'भाऊ, जरा' म्हणतो." हे वाक्य प्रेक्षक विसरत नाही, आणि त्यात एकही विशेषण नाही. स्टेशनवर ट्रायपॉड, लाइट घेऊन शूटिंग करायला परवानगी लागते, त्यामुळे हे दृश्य घरीच खिशात टाकून दाखवा, चालतं.

"चार्जिंग सुपरफास्ट" असेल तर पहिल्या अर्ध्या तासात फोन किती टक्क्यांवर गेला ते सांगा. शेजारी घरातल्या भिंतीच्या चार्जरचा आकडा ठेवा, कारण तुलनेशिवाय "वेगात" या शब्दाला अर्थ नाही. आणि पॉवर बँक स्वतः भरायला किती वेळ घेते ते विसरू नका. १८ वॅटच्या चार्जरवर ७४ वॅट-अवर भरायला नुसत्या भागाकाराने चार तास येतात, आणि वाया जाणारी ऊर्जा व शेवटचा रेंगाळता टप्पा धरून पाच-साडेपाच होतात. जुन्या १० वॅटच्या चार्जरवर रात्र जाते. रात्री अकराला लावून सकाळी सहाच्या गाडीला निघणाऱ्याला हा आकडा फोनच्या वेगाइतकाच महत्त्वाचा आहे, पण तो कुठल्या खोक्यावर मोठ्या अक्षरात नसतो.

दोषांनाही हाच नियम. "बेकार", "पैसे पाण्यात" हे शब्द तितकेच पोकळ. समजा इअरबड्स लावले की पॉवर बँक थोड्या वेळाने स्वतःच बंद होते. घाईत लिहिणारा याला "मोठा दोष" म्हणेल. खरं कारण असं की बड्सची डबी अगदी कमी करंट घेते आणि पॉवर बँकेला वाटतं की काही लावलेलंच नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये बटण दोनदा दाबलं की कमी करंटचा मोड सुरू होतो. तुमच्या नगात तो आहे का ते मॅन्युअलमध्ये बघून करून दाखवा. असेल तर दोषाची टीप होते, नसेल तर मग तो दोष, आणि स्मार्टवॉचवाल्यांसाठी तो मोठाच.

मधला भाग ढिला पडतो, तिथे काय करायचं

साधारण तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला आलेख खाली झुकतो. निकालाचा आकडा एकदम सांगून टाकला तर पुढे बघायला कारण उरत नाही, आणि अगदी शेवटी ठेवला तर लोक टाइमलाइन पुढे ओढतात. मी तो दोन हप्त्यांत देईन. चाचणीच्या भागात पहिल्या दोन फेऱ्या झटपट, टाइमलॅप्समध्ये. मग थांबून: "दोनदा पूर्ण भरला. दिवे चारपैकी एकच उरलाय. तिसऱ्यांदा किती टक्क्यांपर्यंत जाईल? कमेंटमध्ये आकडा टाका." त्यानंतर रोजच्या वापराचा भाग: वजन, भरायला लागणारा वेळ, इअरबड्सची भानगड, विमानाचा मुद्दा. ७४ वॅट-अवर म्हणजे शंभरच्या आत, त्यामुळे हाताच्या बॅगेत चालते, चेक-इन सामानात टाकता येत नाही. तोवर पडद्याच्या कोपऱ्यात फोनची टक्केवारी लहानशी चढत ठेवायची. दीड मिनिटाने तिथे येऊन ६१ वर थांबलेला फोन दाखवायचा.

याला कुणी युक्ती म्हणेल. म्हणू दे, पण यात खोटं काही नाही, कारण चाचणीतही तिसऱ्या फेरीची वाट आपण पाहिलीच होती. फेरीच झाली नसताना उत्सुकता ताणली असती तर गोष्ट वेगळी.

तणाव वाढवायला पार्श्वसंगीत चढवू नका. मुंबईच्या घरात रेकॉर्डिंग करताना तसंही कुकरच्या शिट्टीपासून गॅरेजच्या हॉर्नपर्यंत सगळं आत येतं. त्यावर संगीताचा थर दिला की शब्द ऐकू येत नाहीत. रात्री अकरानंतर, पंखा बंद करून, गादीच्या दिशेला तोंड करून आवाज रेकॉर्ड करा. मीटरच्या क्लोजअपला फक्त घरातला खरा आवाज राहू द्या.

कुणी घ्यावी, कुणी नाही

शेवटच्या मिनिटात "तर मित्रांनो, पाचपैकी साडेचार स्टार" असं करू नका. स्टारने कुणाचा निर्णय होत नाही, कारण बघणाऱ्यांच्या गरजा वेगवेगळ्या असतात. माणसं समोर ठेवून लिहा:

आवाज: "दिवसभर रस्त्यावर असाल, डिलिव्हरी करत असाल, फोनवर मॅप आणि नेट सतत चालू असेल, तर दोन पूर्ण चार्ज आणि वर थोडं तुम्हाला खरोखर लागतं. ३९० ग्रॅम वजन बाइकच्या बॅगेत जाणवत नाही. घर ते ऑफिस दीड तास आणि ऑफिसात सॉकेट आहे? मग १०,००० एमएएचची अर्ध्या वजनाची पुरेल. आणि चार वेळा चार्ज होईल या हिशेबावर घेत असाल, तर थांबा. चार होणार नाहीत. अडीच धरून चाला, आणि अडीचला ही किंमत पटते का ते बघा."

इथे किंमत तारखेसह बोला: "मी घेतली त्या दिवशी इतक्याला होती." सेलमध्ये किंमत तीनशेने उतरते आणि व्हिडिओ मात्र वर्षानुवर्षं तोच राहतो. सुरुवातीला बांधलेली दुसरी गाठही इथेच सोडायची: परत का करणार नाही? कारण बारीक अक्षरातला आकडा खरा निघाला, आणि मला लागणारे दोन चार्ज ती देते. दोन वाक्यं, बस.

अपलोडच्या आधी आणि नंतर

स्क्रिप्ट एकदा मोठ्याने वाचा आणि समोर वस्तूबद्दल काहीच माहीत नसलेला घरातला कुणीतरी बसवा. त्याने मधे "म्हणजे?" विचारलं तिथे वाक्य बदला. त्याला शेवटी विचारा, "किती वेळा चार्ज होतो?" उत्तर "अडीच" आलं तर स्क्रिप्ट लागू. "चांगली आहे म्हणे" असं आलं तर कुठेतरी अजून विशेषण शिल्लक आहे. "फसवतात हे लोक" असं आलं तर मागच्या बारीक ओळीचा भाग तुम्ही घाईत उरकलाय, तिथे दहा सेकंद वाढवा.

थंबनेलवर मीटरचा खरा फोटो आणि "४ की २.६?" एवढंच पुरे. तोंडावर हात ठेवून डोळे विस्फारलेला चेहरा नको, कारण आतला माणूस शांतपणे हिशेब मांडतोय आणि दोन्ही एकाच व्हिडिओतले वाटत नाहीत.

एक काम पुढच्या कॅलेंडरला टाकून ठेवा. सहा महिन्यांनी तीच पॉवर बँक, तोच मीटर, तोच फोन घेऊन तीच चाचणी पुन्हा करायची आणि नवा आकडा पिन केलेल्या कमेंटमध्ये तारखेसह लिहायचा. ५८.६ चे ५६ झाले असतील तर तसं, ५० च्या खाली गेले असतील तर व्हिडिओच्या शीर्षकातही तसं लिहायचं. त्यासाठी चाचणीचे सगळे फोटो आणि खरेदीचं बिल एका फोल्डरमध्ये आत्ताच टाका, आणि मीटरला वस्तूच्याच पिशवीत ठेवा.